मामा लुटले गेले, की मामांनी लुटलं?

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले, तेव्हा साताऱ्याहून मामा भेटायला आले होते. बसमध्ये त्यांचं पाकीट गेलं. आम्ही जवळच्या पोलीस चौकीत गेलो. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, "मामाजी बस में लूट गए।" हवालदाराने मान वर करून विचारलं, "किसको?"

मला म्हणायचं होतं, 'लुट गए'. म्हणजे लुटले गेले. मी म्हणाले 'लूट गए', म्हणजे लुटून गेले. तक्रारदाराचा मी एका दमात चोर केला होता! घरी आल्यावर शेजारच्या माणसाकडून दोन्ही शब्द बोलवून घेतले, आणि खरं सांगते, मला फरकच ऐकू येईना.

का येईना, ते सांगते. मराठीत इ आणि उ किती लांब बोलायचे, हे बहुतेक वेळा त्यांची जागा ठरवते. आपण 'मूल' म्हणतो, पण 'मुले' म्हटल्याबरोबर तो उ आखडतो. 'कीड' आणि 'किडा' यांचंही तेच. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांतला ऱ्हस्व-दीर्घाचा मोठा भाग या बोलण्यालाच धरून आहे. 'दिन' आणि 'दीन' आपण वेगळे लिहितो, पण बोलतो सारखेच, दोन्ही लांब. म्हणजे लांबी आपल्या तोंडात आहे, पण इ-उच्या बाबतीत ती अर्थ फारसा बदलत नाही. म्हणून कान तिकडे लक्षच देत नाही. अ आणि आ यांत मात्र आपण कधी चुकत नाही, कारण तिथे लांबीबरोबर आवाजच बदलतो.

हिंदीत लुट-लूट, पिट-पीट अशा जोड्यांत लांबीवर अर्थ उभा असतो. आणि नुसत्या लांबीवरही नाही. हिंदीतला ऱ्हस्व उ जरा सैल असतो, ओठ कमी गोल होतात. आपण मराठी माणसं ओठ तितकेच गोल ठेवून फक्त वेळ कापायला जातो, आणि समोरच्याला तो आखूड 'लूट'च वाटतो.

आता एक गंमत बघा. हिंदीत 'चिता' म्हणजे सरण आणि 'चीता' म्हणजे प्राणी. आपण तोच प्राणी 'चित्ता' म्हणतो. जो फरक हिंदी स्वरात ठेवते, तो मराठीने व्यंजनात ठेवला. म्हणून जोडाक्षराला आपला कान चांगला तयार आहे. 'कला' आणि 'कल्ला' यांत कुणा मराठी मुलाचा गोंधळ होत नाही. इथे चूक वेगळी होते. मी रिक्षावाल्याला 'पत्ता' सांगते म्हणाले, तर त्याच्या भाषेत ते झाडाचं पान. घराचा तो 'पता'. हा फरक मला ऐकू येत होता, जिभेवर मात्र घरचा शब्द यायचा. ही सवयीची चूक, ती लवकर सुटते. 'लुट'ची चूक कानाची, ती चिवट.

उलट बाजूने, मराठी शिकणाऱ्यांना जोडाक्षर शिकवताना लोक सांगतात, "जोर द्या." मग शिकणारा 'त'वर आपटतो, नाहीतर आधीचा स्वर ताणतो. खरं तर 'पत्ता'मध्ये जीभ दातांना लागली की तिथेच थांबायचं असतं. ती शांतता एकेरी 'त'च्या साधारण दुप्पट असते. संगणकावर प्राट नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाज उघडला, की ही शांतता सपाट रेघेसारखी दिसते आणि मोजता येते.

कान तपासायची माझी पद्धत साधी आहे. शब्द एकेकटे बोलवून घ्यायचे नाहीत. एकेकटा शब्द माणूस मुद्दाम ताणतो, आणि वाक्याच्या शेवटी आला तर तो आपोआप लांबतो. तिथे 'लुट'सुद्धा 'लूट'सारखा वाटू शकतो. म्हणून "उसने लुट लिखा", "उसने लूट लिखा" अशी एकाच साच्याची वाक्यं घ्यायची. हिंदी भाषिकाने मनाला येईल त्या क्रमाने ती वीस वेळा वाचायची, मी पाठमोरं बसून वहीत लिहायचं. वीसपैकी दहाच बरोबर आली, तर समजायचं की मी नुसते अंदाज मारतेय. पहिल्या दिवशी माझी अकरा आली.

मलई मंदिराजवळ राहणाऱ्या तमिळ मावशी बाजूला भाजी निवडत बसल्या होत्या. त्या वर न बघता वीसच्या वीस सांगत होत्या. त्यांच्या भाषेत 'विडु' म्हणजे सोड आणि 'वीडु' म्हणजे घर, तेव्हा हा हिशोब त्यांच्या कानाला लहानपणापासून पाठ.

रोज दहा मिनिटं बसले. महिन्याभरात सतरा-अठरापर्यंत पोचले, तेही वाचणारा सावकाश वाचत असेल तरच. तो भरभर बोलायला लागला, की मी अजून चुकते. मग मी वेळ मोजणं सोडते आणि ओठांकडे बघते.

मामांचं पाकीट काही मिळालं नाही. तक्रार मात्र दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नीट लिहून घेतली. मी म्हटलं होतं, "मामाजी का बटुआ चोरी हो गया।"