स्थळ पाहणीचा अहवाल : जे आधी पुसलं जाईल ते आधी लिहा
(कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



वनहक्क दाव्याच्या प्लॉटची पाहणी केल्यावर अहवाल कसा लिहायचा, ते मला बोलायला सांगितलंय. मी बारावीपर्यंत शिकलेली. शाळेत निबंध शिकवला, अहवाल नाही. त्यामुळं माझा पहिला अहवाल निबंधच झाला होता. "दावेदाराच्या जमिनीत चर खणून अतोनात नुकसान केले आहे, तरी तातडीने योग्य ती कारवाई व्हावी." सोबत 23 फोटो. सुनावणीत साहेबांनी एक फोटो उचलून विचारलं, हा बांध कोणाच्या प्लॉटातला? मला सांगता येईना. फोटो खरा होता, बांध खरा होता, पण त्या दिवशी तो कोणाचाच नव्हता.

आता दुसरा अहवाल सांगते, म्हणजे फरक कळेल. जव्हार-मोखाड्याकडचा पाडा आहे. दावा तीन एकरांचा, म्हणजे साधारण 1.20 हेक्टर. उतारावरची वरकस जमीन, नागली-वरई पिकते. मे महिन्यात निरोप आला की वरच्या अंगाला झाडं लावायला चर खणलेत. आम्ही तिघं 24 मे ला गेलो. वनहक्क समितीचे दोन सभासद आणि दावेदार काका बरोबर होते.

वहीत चार रकाने आखले. काय दिसलं, किती गंभीर, फोटो नंबर, आणि पुढं कोण काय करणार व कोणत्या तारखेला.

पहिला रकाना सोपा वाटतो, पण चूक तिथंच होते. मी लिहिलं, "खात्याने चर खणले." समितीतल्या दादांनी थांबवलं. खणताना तू पाहिलंस का? नाही. मग दिसलं ते लिही. "प्लॉटच्या वरच्या भागात 14 नवे चर. त्यातल्या दोन चरांनी जुने दगडी बांध तोडले." कोणी खणले ते वेगळ्या ओळीत, "दावेदाराच्या सांगण्याप्रमाणे" असं म्हणून. दोन गोष्टी एका वाक्यात घातल्या की ऐकीव बाजू खोडून काढतात आणि तिच्याबरोबर पाहिलेली पण जाते.

दुसरा रकाना गंभीरतेचा. आपण तीन नंबर ठरवलेत. एक म्हणजे अति गंभीर, दोन गंभीर, तीन साधं. पहिल्यांदा आम्ही काय केलं, तर ज्याचा राग जास्त त्याला एक नंबर. चर 14 म्हणून चरांना एक नंबर. काकांच्या आज्यानं लावलेला आंबा खरचटला होता, काका त्याच्यापाशी उभे राहून रडले, म्हणून आंब्याला पण एक नंबर. दोन तुटक्या बांधांना तीन.

मग समितीचे दादा तुटलेल्या बांधात उतरले आणि आम्हाला बोलावलं. चरानं बांध आडवा कापला होता, म्हणून आतलं पोट उघडं पडलं होतं. दगडांचे तीन थर एकावर एक रचलेले, खालचा थर पूर्ण मातीत गेलेला. बांधाच्या वरच्या बाजूला हातभर काळी माती, दर पावसाळ्यात वाहून येऊन अडकलेली. तिच्याखाली मूळची मुरमाड जमीन. ही माती काय दोन-चार वर्षांत साठत नाही. कापलं नसतं तर हे आपल्याला कधी दिसलं नसतं. पण पहिला मोठा पाऊस आला की ती कड ढासळणार. मृग 7 जूनच्या आसपास. म्हणजे हातात दोन आठवडे.

तिथंच नंबर बदलले. कापलेला बांध एक. जुन्या झोपडीचं जोतं आणि चुलीचे दगड दोन, कारण ते टिकतील पण कोणी उचलूनही नेईल. आंबा तीन. काकांना वाईट वाटलं. मी सांगितलं, काका, आंबा कुठं जात नाही, पुढच्या महिन्यात पण तो साक्ष देईल. चरांना पण तीन, कारण चर पावसाळ्यानंतरही दिसतात. किती दिवसांत पुरावा नाहीसा होईल, ह्यावर नंबर द्यायचा.

एक मर्यादा मात्र सांगते. मातीच्या थरावरून कसणूक जुनी आहे एवढं कळतं, साल कळत नाही. कायद्याला ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा लागतो. आणि नियम 13 प्रमाणे एकाहून जास्त पुरावे बघायचे असतात. म्हणून बांधाच्या जोडीला म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब पाहिजेच, आणि तो माणूस स्वतः दावेदार नसावा.

फोटोचं सांगते. एका बांधाचे तीन फोटो. लांबून, मागं डोंगराचा सुळका येईल असा, म्हणजे जागा ओळखता येईल. मधून, पूर्ण बांध दिसेल असा. जवळून, कापलेल्या कडेला विळा टेकवून, म्हणजे थर किती जाड ते कळेल. विळ्याची लांबी वहीत मोजून लिहिली. हातनकाशावर जिथं उभं राहून फोटो काढला तिथं नंबर आणि बाणानं तोंड कुठं ते. ह्या बांधाचे नंबर 4, 5, 6. मोबाईलवरून एकमेकांना पाठवलेल्या फोटोतून काढल्याची तारीख निघून जाते, म्हणून मूळ फोटो मेमरी कार्डावरच ठेवायचे.

चौथ्या रकान्यात "पाठपुरावा करणे" असं लिहू नका, त्याला तारीख नसते. आमच्या वहीत असं होतं. 24 मे, जागेवरच पंचनामा, समितीच्या सह्या-अंगठे. 26 मे, काम थांबवण्याचा अर्ज, कलम 4(5) चा आधार घेऊन, कारण पडताळणी पुरी होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून हटवता येत नाही. पोच घेतल्याशिवाय काम झालं असं धरायचं नाही. 27 मे, वनहक्क समितीची नोटीस वन आणि महसूल दोन्हीकडं, की 4 जूनला स्थळ पडताळणी आहे, हजर राहा. 3 जून, आजीचा जबाब.

4 जूनला तलाठी आले, वनखात्याचं कोणी आलं नाही. पूर्वी आम्ही नाराज होऊन परत गेलो असतो. आता 2012 च्या सुधारित नियमातला 12-अ माहीत आहे. दोन्ही खात्यांनी हजर राहून सही करायची असते. आम्ही नव्हतो म्हणून नंतर हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडं येतो, आणि तेव्हाही आले नाहीत तर पडताळणीवर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. पण हे सगळं नोटिशीच्या पोचेवर उभं आहे. म्हणून पंचनाम्यात गैरहजेरी लिहिली, पोचेची तारीख लिहिली, तलाठ्यांची सही घेतली आणि पडताळणी पुरी केली.

9 जूनला परत त्याच जागी उभं राहून 4, 5, 6 चे फोटो घेतले. दोन पाऊस झाले होते. कड बसली होती, थर काही दिसत नव्हते.

आणि आमची चूक. आजीचा जबाब 3 जूनला झाला नाही. ती लेकीकडं गेली होती, आम्ही आधी निरोप दिला नव्हता. रकान्यात नुसती रेघ मारलेली आहे. काका लहान होते तेव्हा त्या बांधाला दगड वाहिलेली तीच एक बाई आता उरली आहे, आणि तिला दम लागतो. खरं तर एक नंबर तिलाच द्यायला पाहिजे होता. येत्या रविवारी समितीचे अध्यक्ष, मी आणि लिहायला चांगलं अक्षर असलेला एक साथी लेकीच्या गावी जाणार आहोत. कोणाचं अक्षर चांगलं आहे, त्यानं जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.