दहीं आणि भाकरी : पोटांतील पाहुणे व पोटांतील रहिवासी

रात्रीं विरजण लावणें हा पुष्कळ घरांतील नित्यक्रम आहे. अर्धा लिटर दूध तापवून कोमट होऊं द्यावें, त्यांत चमचाभर कालचें दहीं ढवळावें व भांडें झांकून ठेवावें. चमचाभर दह्यांतून दुधांत गेलेले सूक्ष्म जंतु रात्रभर दुधांतील साखर खातात व तिचें आम्ल करतात. त्या आम्लानें दूध घट्ट होतें. दूध चाळीस अंशांच्या आसपास असलें, तर हें काम पांच ते आठ तासांत उरकतें. दूध फार गरम असतांना विरजण घातलें, तर जंतु मरतात आणि दूध सकाळीं दूधच राहतें. थंडीच्या दिवसांत जंतु जिवंत असतात, परंतु मंदावतात; म्हणून गृहिणी भांडें उबेला ठेवते. दहीं हें जिवंत जंतूंचें अन्न आहे याचा एवढा रोकडा पुरावा दुसरा कोणता हवा ?

हे जंतु पोटांत गेल्यावर काय करतात, याचा विचार पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनीं केला. बल्गेरियांतील शेतकरी दीर्घायुषी असतात आणि त्यांच्या आहारांत दहीं विपुल असतें, अशी वार्ता त्यांनीं ऐकली होती. मोठ्या आंतड्यांत अन्न कुजतें, त्यांतून विषें निपजतात, आणि दह्यांतील जंतूंची तेथें वस्ती झाली तर हें कुजणें थांबेल, असें मत त्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत मांडलें. पुढच्याच वर्षीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तें मात्र शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल होतें, दह्याबद्दल नव्हे. ते स्वतः आंबट दूध नेमानें घेत, आणि १९१६ सालीं एकाहत्तराव्या वर्षीं वारले.

त्यांच्या कल्पनेंतील एक भाग पुढें टिकला नाहीं. दह्यांतील जंतु मोठ्या आंतड्यांत कायमची वस्ती करीत नाहींत, असें नंतरच्या संशोधकांस आढळून आलें. ते पाहुणे असतात. रोज दहीं खाल्लें तर रोज नवे येतात. खाणें थांबलें कीं थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. परंतु पाहुणा राहून गेला म्हणजे त्याचा कांहीं उपयोगच झाला नाहीं असें नाहीं. ज्यांस दूध पचत नाहीं अशा पुष्कळांस दहीं पचतें, याचें कारण हेच जंतु होत. दुधांतील साखर फोडणारें द्रव्य ते आपल्याबरोबर लहान आंतड्यांत आणतात, आणि खाणाऱ्याच्या शरीरांत जें उणें असतें तें काम तेवढ्यापुरतें करून देतात.

अशा हितकर जिवंत जंतूंस आज प्रोबायॉटिक म्हणतात. २००१ सालीं जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनीं या शब्दाची व्याख्या ठरविली : जंतु जिवंत असावेत, पुरेशा संख्येनें पोटांत जावेत, आणि त्यांपासून आरोग्यास लाभ व्हावा. या काटेकोर कसोटीनें घरचें प्रत्येक दहीं प्रोबायॉटिक ठरत नाहीं, कारण त्यांत कोणते जंतु किती आहेत हें कोणी मोजलेलें नसतें. तरीही जिवंत जंतूंचें अन्न म्हणून त्याची योग्यता राहतेच. मात्र दह्याची कढी उकळली कीं जंतु मेले. कढी रुचकर खरी, पण तें काम तिच्यानें होत नाहीं. दह्यावर बुरशी आली किंवा गुलाबी डाग दिसले, तर वरचा थर काढून उरलेलें खाऊं नये. सर्वच टाकून द्यावें व दुसऱ्या घरचें चांगलें विरजण आणावें.

पाहुण्यांची गोष्ट येथें संपते. आतां घरच्यांकडे वळावें. मोठ्या आंतड्यांत कोट्यवधि जंतु जन्मभर राहतात. त्यांस दहीं नको, जेवण हवें. आणि त्यांचें जेवण म्हणजे माणसास न पचलेला अन्नाचा भाग. धान्याच्या कोंड्यांतील चोथा लहान आंतड्यांत पचत नाहीं. तो तसाच खालीं उतरतो. तेथें रहिवासी जंतु त्यांतील बराच भाग आंबवितात, व त्यापासून कांहीं सौम्य आम्लें तयार होतात. त्यांपैकीं ब्युटिरिक आम्ल हें मोठ्या आंतड्याच्या अस्तरांतील पेशींचें मुख्य इंधन आहे. हितकर जंतु जें निवडून खातात व ज्यापासून खाणाऱ्यास लाभ होतो, अशा अन्नद्रव्यास १९९५ सालापासून प्रीबायॉटिक हें नांव आहे. सगळाच चोथा या नांवास पात्र नाहीं. परंतु गहूं, कांदा व लसूण यांत अशीं द्रव्यें निश्चित असतात.

हा भेद न कळल्यानें काय होतें, हें एका उदाहरणानें पाहावें. एका गृहस्थांस बद्धकोष्ठाचा त्रास आहे. दहीं पोटास चांगलें, म्हणून ते रोज दोन वाट्या दहीं खातात. गुण मात्र येत नाहीं. त्यांच्या ताटाचा हिशेब करावा. सकाळीं मैद्याच्या पावाचे चार तुकडे : चोथा सुमारें अडीच ग्रॅम. दिवसभरांत दीडशें ग्रॅम सडलेल्या तांदुळांचा भात : चार ग्रॅम. वरण साडेतीन, भाजी चार. एकूण चौदा. प्रौढ माणसानें दिवसाला निदान पंचवीस ग्रॅम चोथा घ्यावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें आहे. दह्यांत चोथा मुळींच नसतो. म्हणजे पाहुण्यांचा सत्कार रोज होतो, आणि घरचीं माणसें अर्धपोटीं राहतात.

आतां पावाऐवजीं पाऊणशें ग्रॅम न चाळलेल्या कणकेच्या पोळ्या घेतल्या तर साडेआठ ग्रॅम चोथा मिळतो. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींत दहा. भात पन्नास ग्रॅम तांदुळांचा ठेवला तर दीड. वरण व भाजी पूर्वींइतकीच. बेरीज साडेसत्तावीस होते, आणि खर्च वाढत नाहीं. कणीक चाळून कोंडा टाकून देण्याची संवय मात्र सोडावी लागते.

येथें घाईनें चूक होते. उपाशी जंतूंस एकाएकीं भरपूर जेवण मिळालें कीं वायु फार होतो, पोट फुगतें, आणि भाकरी सोसत नाहीं असा निष्कर्ष काढून माणूस पुन्हां पावाकडे वळतो. म्हणून पहिल्या आठवड्यांत एकच भाकरी घ्यावी, दुसऱ्यांत पोळ्या सुरू कराव्या, तिसऱ्यांत पूर्ण ताट करावें. आणि पाणी वाढवावें, कारण चोथा पाणी धरून मळ मऊ ठेवतो, व पाणी नसेल तर उलट घट्टपणा वाढतो. थोडा वायु होऊन ओसरला तर क्रम ठीक आहे असें समजावें. गहूं किंवा कांदा खाल्ल्यावर प्रत्येक वेळीं पोट दुखत असेल, तर ते पदार्थ बळेंच रेटूं नयेत. शौचावाटे रक्त जाणें, वजन घटणें किंवा उतारवयांत शौचाची संवय अकस्मात् बदलणें, हीं भाकरीनें बरीं करण्याचीं लक्षणें नव्हेत. तेथें वैद्यांकडेच गेलें पाहिजे.

भाकरीच्या ताटांत दह्याची वाटी जुन्या लोकांनीं ठेवली, ती चवीसाठीं असेल. पण तिनें पाहुणा व घरचा दोघेही एका पंगतीस बसतात. वाटी काढून टाकूं नये. मात्र भाकरीचें काम वाटीवर सोंपवूंही नये.