मंजुरीपत्र कसं वाचावं?

समजा, तुमच्या संस्थेला केंद्र सरकारच्या एखाद्या विभागाकडून १० लाख रुपयांचं अनुदान मंजूर झाल्याचं पत्र आलं. आकडा पाहून लगेच खरेदीला लागू नका. आधी पत्राची तारीख पाहा. पत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर त्या तारखेआधीचा खर्च सहसा धरला जात नाही.

मग मंजूर रक्कम किती आणि प्रत्यक्ष वितरित किती, ते पाहा. १० लाख मंजूर असले, तरी पहिला हप्ता ६ लाखांचाच असू शकतो. उरलेले ४ लाख बहुधा पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावरच येतात. तोवर त्यांच्या भरवशावर कोणाची देणी करू नका.

पुढे खर्चाची शीर्षं. मानधन ४ लाख, उपकरणं ४ लाख, प्रवास २ लाख अशी विभागणी आहे असं धरू. प्रवासातले वाचलेले ५० हजार तुम्ही परस्पर उपकरणांवर घातले, तर बेरीज १० लाखच भरते. तरीही लेखापरीक्षणात ते ५० हजार अमान्य होऊन संस्थेला पदरचे भरावे लागू शकतात. म्हणून खर्चाआधी लेखी परवानगी घ्या. फोनवरचा होकार लेखापरीक्षकाला दाखवता येत नाही.

शेवटी व्याज. २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार केंद्राच्या अनुदानावरचं व्याज सरकारजमा करावं लागतं. त्यासाठी खातं स्वतंत्र असलेलं बरं. आणि एखादी अट झेपणार नसेल, तर स्वीकृतिपत्रावर सही करण्याआधीच तसं लेखी कळवा.