रात्री चेहऱ्याला पेट्रोलियम जेली: कोणी लावावी, कोणी नाही?

थंडी पडली की आम्हाला हमखास विचारलं जातं, रात्री चेहऱ्याला पेट्रोलियम जेली लावून झोपावं का? याला हल्ली ‘स्लगिंग’ म्हणतात. स्लग म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. जेली लावलेला चेहरा तसाच चकाकतो, म्हणून हे नाव.

जेली त्वचेला पाणी देत नाही, असलेलं उडू देत नाही. त्यामुळे कोरड्या चेहऱ्यावर नुसती चोपडून फारसा उपयोग नाही. चेहरा धुऊन हलकेच टिपा, ओलसर असतानाच नेहमीचं मॉइश्चरायझर लावा आणि सगळ्यात शेवटी वाटाण्याएवढी जेली बोटांवर घेऊन पातळ पसरा. सकाळी चेहरा धुवा.

ज्यांची त्वचा कोरडी पडते, ओढल्यासारखी होते, पापुद्रे सुटतात, त्यांना याचा फायदा होतो. तेलकट किंवा मुरमांच्या त्वचेला मात्र जपायला हवं. जेली स्वतः रंध्रं बुजवत नाही, पण तिच्या थराखाली तेल, घाम आणि मळ कोंडतो. मग बारीक पुटकुळ्या उठतात.

समजा, एखादीचं कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे आहेत. तिने जेली फक्त गालांवर लावावी, तीही आठवड्यातून दोनच रात्री. पुटकुळ्या दिसल्या की थांबावं.

आणखी एक सांगतो. मुरमांचं औषध किंवा रेटिनॉल लावलं असेल, त्या रात्री वरून जेली नको. औषध झाकलं जाऊन जास्त तीव्र होतं आणि चेहरा जळजळतो.