पोरीचा पाय उचलेना

मंडळी, आज आम्ही एका मुलीची हकीकत सांगतो. तिचे नाव सांगत नाही. पोर कर्जतकडच्या एका वाडीतली, दहावीतली. गणिताचा पेपर आठ दिवसांवर आला होता. सकाळी उठायला गेली, तर डावा पाय उचलेना.

आईने हंबरडा फोडला. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे, भगताला बोलवा. बाप आमच्याकडे धावत आला. आम्ही आधी विचारले, "पोर जमिनीवर निजली होती का?" आमच्या भागात मण्यार फार. ती रात्री चावते, खूण नीट दिसत नाही. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. तिथे भगताची वाट पाहिली की माणूस गेलाच. म्हणून रिक्षा करून तिला कर्जतच्या सरकारी दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी पापण्या पाहिल्या, साखर पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. सगळे ठीक. मग तिला उताणे निजवून डाव्या टाचेखाली आपला हात ठेवला. "टाच खाली दाब," म्हणाले. जोर लागेना. "बरं, आता उजवा पाय वर उचल." उजवा पाय वर जाऊ लागला, आणि डावी टाच आपोआप डॉक्टरांच्या हातावर दाबली गेली!

बाप चिडला. "म्हणजे सोंग करते?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाले. "रूळ शाबूत आहेत, इंजिन शाबूत आहे, पण सिग्नल पडत नाही. पायाकडे लक्ष दिलं की निरोप अडतो, लक्ष दुसरीकडे गेलं की पोचतो. तिला हे मुद्दाम करता येत नाही." तीच खूण त्यांनी मुलीलाही दाखवली. आपला पाय मेला नाही हे तिला तेव्हा पटले.

पोर मग एकटी असताना बोलली. नापास झालीस तर लग्न उरकून टाकू, असे घरात कोणी म्हणाले होते. बापाने ते बोलणे बंद केले. आमच्या मते अर्धे औषध तेच होते.

बाकीचे अर्धे कष्टाचे. तिला खाटेवर पडू दिले नाही. सकाळ-संध्याकाळ भिंतीला धरून चालायचे, चालताना पाढे म्हणायचे. रागवायचे नाही, लाडही नाहीत. बघायला येणाऱ्या बाया आईने दारातूनच परत पाठवल्या. सहाव्या दिवशी ती लंगडत अंगणात आली. पेपरला तळमजल्यावर बसली. सगळ्याच मुली इतक्या लवकर सुधारत नाहीत. काहींना महिने लागतात.

खालापूरकडे एक मुलगी वर्गात चक्कर येऊन पडली, तेव्हा लोकांनी नाकाला कांदा लावला. तसे करू नये. गर्दी हटवावी, कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत, जीभ चावली, ताप असला किंवा तोंड वाकडे झाले, तर १०८ ला फोन करावा. मनातले बोलायला १४४१६ हा सरकारी नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत.