नोकरी सुटली, विम्याचे काय?

सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीच्या परिसरात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील तेथील एका कारखान्यात पर्यवेक्षक होते. चार वर्षे त्यांच्या कुटुंबाला कारखान्याच्या सामूहिक आरोग्यविम्याचे तीन लाख रुपयांचे संरक्षण होते. पत्नीला मधुमेह होता. पण त्या विम्यात जुन्या आजाराचा खर्चही पहिल्या दिवसापासून मिळत असे. १४ जून रोजी त्यांनी नोकरी सोडली. विम्याच्या कार्डावर ३१ मार्च ही तारीख होती, म्हणून ते निश्चिंत राहिले. जुलैत पत्नीला रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा कळले की यादीतून त्यांची नावे केव्हाच वगळली गेली होती.

कार्ड खोटे नव्हते. सामूहिक विम्याचा करार मालक आणि विमा कंपनी यांच्यात असतो. कार्डावरची तारीख त्या कराराची असते. आपले संरक्षण मात्र नोकरीबरोबर, बहुधा शेवटच्या दिवशीच, संपते.

त्यांनी मग स्वतःची पॉलिसी घेतली. पण ती अगदी नवी ठरली. अशा पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघाताखेरीज खर्च मिळत नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी छत्तीस महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. मधुमेहाची प्रतीक्षा त्यांना पहिल्यापासून करावी लागली.

हे टाळता आले असते. विमा नियामकाच्या नियमांनुसार समूहातून बाहेर पडणाऱ्यास त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक वा कौटुंबिक पॉलिसीत स्थलांतर करता येते. तसे केल्यास समूहात सलग काढलेला काळ प्रतीक्षेतून वजा होतो. त्यांची चार वर्षे झालीच होती. मधुमेहाची अट तीन लाखांपर्यंत उरली नसती. पाच लाखांची पॉलिसी घेतली असती, तर वाढीव दोन लाखांपुरती प्रतीक्षा नव्याने सुरू झाली असती.

म्हणून राजीनामा देताच, नोटिशीच्या काळातच, कार्यालयाकडून पॉलिसीचा क्रमांक, विम्याची रक्कम आणि घरातील प्रत्येकाचे नाव केव्हा दाखल झाले त्याचा लेखी दाखला घ्यावा. पत्नीचे नाव उशिरा घातले असेल, तर तिचा काळ तेथूनच मोजला जातो. मग विमा कंपनीकडे स्थलांतराचा अर्ज करावा, सर्व आजार न लपवता लिहावेत आणि नवे संरक्षण नोकरीच्या शेवटच्या दिवसाला लागून सुरू होईल अशा बेताने हप्ता भरावा.

एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. अर्ज आला म्हणजे कंपनी तो स्वीकारीलच असे नाही. ती वैद्यकीय तपासणी मागू शकते, हप्ता वाढवू शकते, प्रसंगी नकारही देऊ शकते. यासाठी घरात जुना आजार असेल, तर नोकरी चालू असतानाच एक लहानशी स्वतःची पॉलिसी घेऊन ठेवावी. तिची प्रतीक्षा मालकाच्या विम्याच्या सावलीत सरून जाते.