‘पुढच्या शनिवारी’ म्हणजे नेमकं कधी?

(संघाच्या मासिक बैठकीतील मांडणी)



आज एकच काम शिकायचं आहे. व्हॉट्सॲपवर मालाची तारीख ठरली की ती ईमेलवर पक्की कशी करायची, एवढंच.

समजा, नांदेड जिल्ह्यातल्या एका गटाची हळद पावडर लातूरच्या खरेदीदाराकडे जायची आहे. गुरुवारी, 5 फेब्रुवारी 2026 ला खरेदीदार लिहितो, "पुढच्या शनिवारी टेम्पो पाठवतो, 300 पुडे तयार ठेवा." सचिव ताई लिहितात, "बरं." तो लिहितो, "तेवढाच माल महिन्याच्या शेवटी." ताई अंगठा दाखवतात. पैशाचं विचारलं तर आवाजात निरोप येतो, "माल पोचला की लगेच सोडतो."

आता सांगा, पुढचा शनिवार म्हणजे 7 तारीख की 14? गटानं 14 धरली आणि टेम्पो 7 ला आला, तर हळद अजून दळायचीच असते. टेम्पो रिकामा परत जातो आणि भाडं कोणी द्यायचं यावर वाद होतो. उलट झालं, तर बाया मजुरी बुडवून दिवसभर वाट बघत बसतात.

शिवाय हे सगळं एका ताईच्या मोबाईलवर आहे. व्हॉट्सॲपचा मेसेज पाठवणाऱ्याला 15 मिनिटांत बदलता येतो, नंतरही साधारण दोन दिवस सगळ्यांकडून पुसता येतो. सचिव बदलली, मोबाईल बिघडला, तर गटाकडे काय राहिलं?

म्हणून आधी वहीत दोन रकाने करा, ‘ठरलं’ आणि ‘राहिलं’. वरच्या बोलण्यात ठरलं ते फक्त 300 पुडे. तारीख, वेळ, भाव, भाडं, पैशाचा दिवस हे सगळं राहिलं. ते आधी विचारून घ्या. न ठरलेली गोष्ट ठरली म्हणून मेलमध्ये घालू नका. समोरचा एक ओळ खोटी म्हणाला की सगळ्या मेलवर शंका येते.

मग संघाच्या ईमेलवरून पाठवा. अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष ताईंना प्रत जाऊ द्या. मेल असा:

विषय: हळद पावडर – 14 व 28 फेब्रुवारी 2026 चा पुरवठा

नमस्कार,
दि. 5 व 6 फेब्रुवारीला व्हॉट्सॲपवर ठरल्याप्रमाणे:
1. पहिला माल: शनिवार, 14 फेब्रुवारी 2026, सकाळी 11 वाजता. अर्धा किलोचे 300 पुडे.
2. दुसरा माल: शनिवार, 28 फेब्रुवारी 2026, सकाळी 11 वाजता. तेवढेच पुडे.
3. भाव: पुड्याला 130 रुपये. एका खेपेचे 39,000 रुपये.
4. टेम्पो आपला, भाडं आपलं. पुडे आमच्या केंद्रावर मोजून चलनावर सही.
5. पैसे: प्रत्येक खेपेनंतर 7 दिवसांत गटाच्या खात्यात.
तारीख बदलायची असल्यास 3 दिवस आधी याच मेलवर कळवावे.
हे मान्य असल्यास ‘मान्य’ असे उत्तर द्यावे.

तारखेसोबत वार लिहिलाय, बघा. दोन्ही जुळले नाहीत तर चूक तिथंच दिसते.

मेल गेला म्हणजे काम झालं नाही. आपण लिहिलं ते आपलं म्हणणं, आणि त्याचं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. म्हणून व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका, "मेल पाठवलाय, उत्तर द्या." मेल परत आल्याची सूचना दिसली तर पत्ता तपासा. उत्तर येईपर्यंत दळणाची तयारी करा, पण पुडे भरू नका.

‘मान्य’ आलं की दोन्ही मेलची प्रिंट काढून फाईलला लावा आणि बैठकीच्या इतिवृत्तात तारीख नोंदवा. पुढं काही बदललं तर नवा मेल नको, त्याच मेलला उत्तर द्या. म्हणजे पहिलं काय ठरलं आणि नंतर काय बदललं, हे एकाखाली एक दिसतं. व्हॉट्सॲपचं बोलणंही पुसू नका, तो मूळ पुरावा आहे. तिथल्या Export chat ने त्याची प्रत काढून संघाच्या मेलवर ठेवा.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्याची मान्यता आहे. आणि पैशाचा दिवस का लिहायचा? गटाच्या उद्योगाची उद्यम नोंदणी असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी ठरलेल्या तारखेला खरेदीदारानं पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत 45 दिवसांच्या पुढं नेता येत नाही. काहीच लिहिलं नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवस धरतात. पण ‘लगेच’ या शब्दाला तारीख नसते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं चालू असलेल्या एका व्यवहाराचे दोन रकाने लिहून आणा. मेल आपण इथंच बसून लिहू.